हत्ती, भोवरा आणि तीन चाकांची गाडी

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काचेमागे पाच जुनी खेळणी ठेवलेली आहेत. एक अस्वल, एक डुकराचं पिल्लू, एक गाढव, एक कांगारू आणि एक वाघ. ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकाच्या मुलाची, क्रिस्टोफर रॉबिनची ही खेळणी. अस्वल त्याला १९२१ साली पहिल्या वाढदिवसाला मिळालं होतं. त्याच्या गोष्टी १९२६ आणि १९२८ साली पुस्तकरूपाने आल्या आणि ‘विनी द पू’ हे नाव जगभर गेलं.

या पाच खेळण्यांचा फोटो तुमच्या हातात दिला आणि बाकी काहीच सांगितलं नाही, तर काय दिसेल? गाढवाची मान लटकी पडलेली दिसेल. त्या मानेमुळेच गोष्टीतलं गाढव सदा उदास झालं, असं क्रिस्टोफरने मोठेपणी आपल्या आठवणींत लिहिलं आहे. म्हणजे एका पात्राचा अख्खा स्वभाव कापडाच्या झिजेतून आला आणि तो फोटोतही दिसतो. पण कांगारूचं पिल्लू रू फोटोत दिसणार नाही, कारण ते १९३०च्या दशकात एका सफरचंदाच्या बागेत हरवलं. घुबड आणि ससाही दिसणार नाहीत. ते खेळण्यांत नव्हतेच, बापाने मनाने घातले होते.

ओळखीचे लोक मला अधूनमधून असे फोटो पाठवतात. मी मुलांसाठी लिहितो, म्हणून. सोबत एक ओळ असते, ‘याच्यावर रात्री सांगायला एखादी गोष्ट करून द्या ना.’ मुलाचं नाव नाही, वय नाही, मुलगा की मुलगी तेही नाही. पाठवणाऱ्याला वाटतं, फोटोत सगळं आलंच की. सुरुवातीला मी उलट प्रश्न विचारत असे, आता विचारत नाही. जे दिसतं तेवढ्यावर गोष्ट करायची म्हटलं की नीट बघावं लागतं, आणि बघण्यातच निम्मं काम होऊन जातं.

मध्यंतरी आलेला एक फोटो घेऊ. जमिनीवर सतरंजी अंथरलेली आहे आणि तिच्यावर खेळणी ओळीने मांडलेली आहेत. डावीकडून पिवळा जेसीबी. त्याच्याशेजारी दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा, त्याच्या मुठीतला भाला गेलेला, नुसती भोक असलेली मूठ उरलेली. मग राखाडी कापडी हत्ती, एक कान काठाला उसवलेला. हत्तीला टेकून एक लाकडी भोवरा आडवा पडलेला, आर वर आलेली, जाळी कुठेच नाही. मग दोरीने ओढायची लाकडी गाडी. तिला तीनच चाकं, पण दोरी शाबूत. मग तीन प्लॅस्टिकचे डायनासोर, भातुकलीतली पितळी कढई आणि ठोकळ्यांची एक पिशवी. उजव्या कडेला काहीतरी निळं, अर्धं फ्रेमबाहेर गेलेलं. खाली एका मोठ्या माणसाच्या पायाचा अंगठा.

अंगठा कामाचा असतो. त्यावरून खेळणी केवढी ते समजतं. एरवी फोटो आकाराच्या बाबतीत सरळ फसवतो. कॅमेऱ्याच्या जवळ ठेवलेला मावळा मागच्या जेसीबीएवढा दिसतो, आणि आपण गोष्टीत त्याला जेसीबी चालवायला बसवतो. घरात मात्र तो मावळा जेसीबीच्या चाकाएवढा असतो. मूल रोज ती दोन्ही हातात घेतं. पहिल्याच वाक्याला ते म्हणतं, ‘तो मावतच नाही त्यात.’ मग गोष्टीपेक्षा वाद जास्त होतो आणि झोप लांबते. वरून काढलेल्या फोटोत तर उंची कळतच नाही. अशा वेळी कोणी कोणावर चढलं, कोण कशात शिरलं, असले प्रसंग मी टाळतो. शेजारी बसणं, ढकलणं, हाक मारणं एवढ्यावर भागवतो.

दुसरी बघण्याची गोष्ट म्हणजे मांडणी. एवढी सरळ ओळ लहान मूल लावत नाही, ती फोटो काढणाऱ्याने लावली. म्हणून जेसीबी पहिला आहे याला काही अर्थ देऊ नये. पण याच फोटोत तिन्ही डायनासोरांची तोंडं कॅमेऱ्याकडे नसून हत्तीकडे वळलेली होती. फोटोसाठी मांडणारा माणूस खेळण्यांची तोंडं आपल्याकडे करतो. ही वळलेली तोंडं बहुधा मुलाच्या हातची होती आणि हत्ती या घरात महत्त्वाचा असावा. याला पुरावा म्हणत नाही, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं. उसवलेला कानही तेच सांगत होता, कारण न आवडणारं कापडी खेळणं उसवत नाही.

आता गोष्टीत काय घालायचं? नवशिक्याला सगळ्यांना काम द्यावंसं वाटतं. फोटोतली खेळणी पिशवी धरून दहा. प्रत्येकाने एकेक वाक्य बोललं तरी पहिल्या पाचांनंतर कोण काय म्हणालं ते सांगणाऱ्यालाच आठवत नाही. झोपेच्या गोष्टीला तीन-चार पात्रं पुष्कळ झाली. बाकीच्यांनी नुसतं तिथे असायचं. मात्र एकालाही विसरायचं नाही, कारण मूल मोजत असतं. ‘आणि कढई?’ हा प्रश्न अंधारात हमखास येतो. त्यासाठी शेवटी हजेरी घ्यावी. कोण कुठे झोपलं, एकेका ओळीत. हजेरीपूर्वी फोटो मोठा करून डावीकडून उजवीकडे बोट फिरवत मी खेळणी मोजतो. एकामागे एक ठेवलेल्या वस्तूंत एखादी हमखास सुटते.

पात्रं निवडताना मी शोभेची खेळणी सोडतो आणि उणी खेळणी घेतो. चकचकीत डायनासोराला काही नको असतं. ज्याला काही नको त्याची गोष्ट होत नाही. भोवऱ्याला जाळी नाही, मावळ्याला भाला नाही, गाडीला एक चाक नाही, हत्तीचा कान उसवलेला. चार उणिवा दिसल्या, आता त्यांतल्या कुठल्या दोन एकमेकींत बसतात ते पाहायचं. भोवऱ्याला दोरी हवी आणि गाडीकडे दोरी आहे. गाडी तीन चाकांवर चालत नाही, म्हणजे तिची दोरी रिकामीच आहे. गोष्ट इथे जुळली. जियानी रोदारी या इटालियन बाललेखकाने १९७३ साली गोष्टी रचण्याच्या कलेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कल्पना चालू लागते. फोटोत त्या आपोआपच शेजारी येतात, हा या प्रकारातला मोठाच फायदा. मी त्यात एवढंच घालेन की संबंध नसलेल्या वस्तू पुष्कळ सापडतात, पण एकीचं अडलेलं दुसरीने सुटेल अशी जोडी फोटोत फार तर एक असते, आणि तिच्यासाठी थांबावं.

आता या कामातला माझा सर्वांत कडक नियम. गोष्ट संपल्यावर खेळणी फोटोत होती तशीच असायला हवीत. रात्री गाडीला जादूने चौथं चाक आलं, तर सकाळी मूल गाडीकडे धावतं आणि तीनच चाकं बघतं. गोष्ट खोटी पडते आणि गाडी कालपर्यंत होती त्याहून जास्त मोडकी वाटू लागते. हत्तीच्या कानाचं तर त्याहून नाजूक. डॉनल्ड विनिकट या ब्रिटिश बालमनोविश्लेषकाने १९५१ साली मांडलेल्या आणि पुढे गाजलेल्या एका निबंधात, लहान मुलं ज्या एका वस्तूला घट्ट धरून असतात तिच्याबद्दल लिहिलं. ती वस्तू मुलाने स्वतः बदलल्याशिवाय बदलता कामा नये, असं त्याचं निरीक्षण होतं. धुतलेली चादर मुलाला नकोशी होते ती यामुळेच. मग गोष्टीत तो कान आपण का शिवावा? उसवलेला कानच कदाचित रोज रात्री बोटांत धरला जात असेल.

म्हणजे दोरी भोवऱ्याला मिळायची आहे, पण सकाळी ती गाडीलाच बांधलेली दिसली पाहिजे. ही अट ऐकायला जाचक वाटते, पण उत्तर तिच्यातूनच निघतं. भोवरा फिरवताना जाळी आरेपासून वर गुंडाळत नेतात. एक टोक फिरवणाऱ्याच्या बोटात राहतं, भोवरा फेकला की जाळी उलगडते आणि हातातच उरते. इथे बोटाऐवजी गाडी. दोरी गाडीला बांधलेली राहील, मोकळं टोक भोवऱ्याला गुंडाळलं जाईल आणि फिरून झालं की सुटून पुन्हा गाडीपाशीच पडेल. देवाणघेवाण झाली आणि कोणाचं काही गेलंही नाही.

आणखी एक अडचण मराठीतली आहे. मुलगा की मुलगी ते माहीत नाही आणि आपल्या क्रियापदांना ते लपवता येत नाही. ‘खेळून दमला’ लिहा की ‘दमली’ लिहा, निम्म्या वेळा चुकणार. यावर लोक ‘बाळ’ वापरतात, पण सहा वर्षांच्या माणसाला बाळ म्हटलेलं अजिबात चालत नाही. मी मुलाला गोष्टीत आणतच नाही. घरातले दिवे गेले, पावलं लांब गेली, एवढंच. खेळण्यांची नावंही ठेवत नाही. त्या हत्तीला त्या घरात नाव असणारच. आपण त्याला गजू म्हटलं तर कोणीतरी उठून बसतं आणि सांगतं की त्याचं नाव गजू नाही. ‘हत्ती’ म्हणावं, ज्याचा हत्ती तो आपलं नाव आपोआप लावतो.

या सगळ्यातून झालेली गोष्ट साधारण अशी होती. इथे थोडी आखडून देतो.

दिवे गेले. पावलं लांब गेली. सतरंजीवर सगळे गप्प होते. फक्त भोवऱ्याला झोप येत नव्हती.

‘मला फिरल्याशिवाय झोप येत नाही,’ भोवरा म्हणाला.

‘मग फिर की,’ जेसीबी म्हणाला.

‘दोरी नाही.’

जेसीबीने आपल्या फावड्यात बघितलं. फावड्यात दोरी नव्हती. ‘माझ्याकडे नाही बुवा. मावळ्याला विचार.’

मावळ्याने आपली मूठ बघितली. मुठीत दोरी नव्हती. ‘माझ्याकडे नाही बुवा. हत्तीला विचार.’

हत्तीने आपला कान हलवला. कानामागे दोरी नव्हती. ‘माझ्याकडे नाही बुवा,’ हत्ती म्हणाला. ‘पण गाडी जागी आहे.’

गाडी जागीच होती. तीन चाकांवर जराशी कलून ती सगळं ऐकत होती. ‘माझ्याकडे दोरी आहे,’ गाडी म्हणाली, ‘पण ती मला बांधलेली आहे. सोडायची नाही.’

‘सोडायची नाही,’ भोवरा म्हणाला. ‘फक्त गुंडाळायची.’

मग मावळ्याने दोरीचं टोक आपल्या मुठीतून ओवून घट्ट धरलं. हत्तीने भोवऱ्याला सोंडेने लोटलं, हळूहळू, एक वळसा, दुसरा वळसा, तिसरा वळसा. टोक खोचून झालं तशी मावळ्याची मूठ मोकळी झाली. जेसीबीने भोवरा अलगद फावड्यात घेतला आणि वर नेला.

‘तयार?’ मावळ्याने विचारलं.

‘तयार,’ भोवरा म्हणाला.

फावडं कललं. दोरी उलगडली. भोवरा फिरायला लागला. भर्रर्र.

डायनासोर बघत राहिले. मोठा डायनासोर बघता बघता झोपला. मधला बघता बघता झोपला. धाकटा म्हणाला, मी नाही झोपणार, आणि झोपला.

भोवरा हळू झाला. अजून हळू झाला. एकदा इकडे कलला, एकदा तिकडे कलला, आणि घरंगळत हत्तीपाशी येऊन पडला.

‘झालं फिरून?’ हत्तीने विचारलं.

भोवऱ्याने उत्तर दिलं नाही.

जेसीबी झोपला, फावडं जमिनीला टेकून. मावळा झोपला, उभ्याउभ्याच, मावळे तसेच झोपतात. गाडी झोपली, दोरी जवळ घेऊन. कढई झोपली. ठोकळे पिशवीत झोपले. आणि कडेला जे निळं होतं, तेही झोपलं.

वाचणाऱ्याच्या लक्षात येईल की यात भांडण नाही, राक्षस नाही, कोणी हरवत नाही. दिवसा सांगायची गोष्ट असती तर मी दोरी शोधायला सगळ्यांना पलंगाखाली पाठवलं असतं. पण पलंगाखालचा अंधार रात्री नऊ वाजता कामाचा नाही, कारण मूल त्याच पलंगावर असतं. अडचण छोटी आहे, ती तीनदा एकाच चालीत विचारली जाते. तिसऱ्या वेळी ऐकणारं मूल ‘माझ्याकडे नाही बुवा’ आपणच म्हणतं. तिथून पुढे प्रत्येक प्रसंग आधीच्यापेक्षा संथ आहे. भोवरा इथे फार उपयोगी पडला, कारण वेग घेऊन मग मंद होत आडवं पडणं हे त्याचं रोजचंच आहे. फोटोत गाडी आणि जेसीबी एवढेच असते, तर हा उतार मला वाक्यांच्या लांबीने आणावा लागला असता आणि ते अवघड आहे.

भोवरा हत्तीला टेकून का पडला आहे, याचंही कारण गोष्टीत आलं. फोटोत जे नुसतंच तसं होतं, ते आता असं असं झालं म्हणून तसं आहे. सकाळी सतरंजीवर बघितलं तर सगळं जुळतं.

मूळ गोष्ट सावकाश वाचली तर सात-आठ मिनिटांची होते. त्याहून लांब गोष्ट आई-बाबा मधली पानं गाळून वाचतात आणि मुलाला ते कळतं. फार छोटी केली तर ‘अजून एक’ सुरू होतं. गोष्ट फसतेय हे ओळखायची खूणही सोपी आहे. मूल प्रश्न विचारतं तेव्हा काळजी नको, पडल्यापडल्या विचारलेला प्रश्न चांगलाच. कोपरावर उठून विचारलं की समजावं, कुठेतरी आपण त्याच्या खेळण्याबद्दल चुकीचं बोललो किंवा भीती घातली. अशा वेळी बचाव न करता मुलालाच सांगायला लावावं आणि ते सांगेल तसं पुढे न्यावं.

कडेच्या निळ्या वस्तूचं मी मुद्दाम ‘निळं’ एवढंच ठेवलं होतं. गाडीचा टप असेल, पाण्याची बाटली असेल, चप्पलही असेल. मनाने काही ठरवलं असतं तर फोटोतली एकमेव न दिसणारी जागा मी चुकीची भरली असती. जिथे दिसत नाही तिथे रंग सांगून थांबावं, घरात ज्याला माहीत आहे तो पुरं करतो. या घरात ते त्याच रात्री पुरं झालं. ती पावसाळी टोपी निघाली आणि खेळण्यांत तिची गणना कशी झाली याला काही उत्तर नव्हतं.

दुसऱ्या गोष्टीसाठी दुसरा फोटो मागण्यात अर्थ नसतो. मी एकच प्रश्न पाठवतो, ‘फोटोत काय आलं नाही?’ मुलाची सर्वांत लाडकी वस्तू बरेचदा फोटोत नसतेच, कारण फोटो काढताना ती मुलाच्या हातात असते किंवा मोठ्यांच्या लेखी ते खेळणंच नसतं. या घरून उत्तर आलं, ‘स्टीलचा चमचा. जेवायचा. उशीखाली घेऊन झोपते.’

मुलगी होती, हे त्या क्रियापदावरून कळलं. चमच्याची गोष्ट अजून लिहितो आहे. चमच्यात काही उणं नाही, तो मोडलेला नाही, झिजलेला नाही, त्यामुळे त्याला काय हवं आहे ते सापडत नाहीये. सध्या तरी एवढंच ठरलं आहे की कढईला तो हवा आहे.